एका चुकीच्या उत्तराचा पाठपुरावा : शिक्षकाचा पोर्टफोलिओ कसा उभा राहतो

शिक्षकाला पोर्टफोलिओ मागितला की बहुतेक वेळा एक जाड फाइल तयार होते. पहिल्या पानावर रंगीत मुखपृष्ठ, मग प्रशिक्षणांची प्रमाणपत्रे, वृक्षारोपणाचे फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणे, स्नेहसंमेलनाची पत्रिका आणि शेवटी मुख्याध्यापकांचे शिफारसपत्र. ही फाइल शिक्षक किती कामात होता ते सांगते. त्याच्या वर्गातले मूल काय शिकले आणि ते शिकण्यात शिक्षकाचा हात कुठे लागला, हे मात्र तिच्यातून कळत नाही. प्रमाणन करणाऱ्याला नेमके तेच जाणून घ्यायचे असते.

आपल्याकडे ही मागणी निरनिराळ्या वाटांनी येते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात वीस आठवड्यांचा शालेय अनुभव आला. त्या काळातली टाचणे, निरीक्षणे आणि चिंतनात्मक लेखन छात्राध्यापकाला जमवून दाखवावे लागते. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी शिक्षक स्वतःच अर्ज करू शकतो आणि अर्जासोबत पोर्टफोलिओ जोडावा लागतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक मानके ठरवायला सांगितली आणि पदोन्नती केवळ सेवेच्या वर्षांवर अवलंबून राहू नये अशी दिशा दिली. महाराष्ट्रात बारा वर्षांनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवडश्रेणी मिळते, पण त्यासाठी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. पुढच्या काळात अशा प्रत्येक टप्प्यावर शिक्षकाला आपले काम पुराव्याने मांडावे लागेल, असे मानायला जागा आहे.

या पद्धतीचे मूळ अमेरिकेत सापडते. १९८७ मध्ये तिथे अनुभवी शिक्षकांना प्रमाणित करणारे राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. त्याच सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ली शुलमन आणि त्यांचे सहकारी चांगला शिक्षक कसा ओळखावा याचे प्रयोग करत होते. लेखी परीक्षेत शिक्षकाला काय माहीत आहे ते कळते, एखाद्या तासाच्या पाहणीत तो त्या दिवशी कसा शिकवतो ते दिसते. पण समोरच्या मुलांकडे पाहून तो निर्णय कसा घेतो, हे दोन्हींतून निसटते. ते पकडण्यासाठी पाठाचे नियोजन, मुलांच्या कामाचे नमुने आणि शिक्षकाचे स्वतःचे लेखन एकत्र वाचायची कल्पना पुढे आली. आजही त्या मंडळाच्या प्रमाणनात मुलांचे प्रत्यक्ष काम, वर्गाचे चित्रीकरण आणि त्यावरचे लेखी भाष्य मागितले जाते.

म्हणजे पोर्टफोलिओचे तीन थर असतात. पहिला थर नमुन्यांचा : टाचण, मुलाची वही, फळ्याचा फोटो, चाचणीची चिठ्ठी. दुसरा टिपांचा : नमुन्याच्या कडेला लिहिलेल्या दोन-चार ओळी, ज्या वाचणाऱ्याला नेमके कुठे पाहायचे ते दाखवतात. तिसरा चिंतनाचा : हे असे का घडले आणि म्हणून मी पुढे काय केले, हे सांगणारे पान-अर्ध्या पानाचे लेखन. तिन्ही थर एकाच घटनेवर बेतलेले असतील, तरच त्यांचा पुरावा होतो. एक उदाहरण शेवटपर्यंत नेले की हे स्पष्ट होईल.

पाचवीचा वर्ग, दशांश अपूर्णांक

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातले फुलसावंगी हे मोठे गाव. भोवती कापूस, सोयाबीन, तूर. परिसरात बंजारा तांडे आहेत, त्यामुळे वर्गातल्या काही मुलांची घरची भाषा गोरमाटी असते. अशा भागातल्या जिल्हा परिषद शाळेतला पाचवीचा एक वर्ग आपण कल्पनेने उभा करू. पुढचे शिक्षक आणि मुले कल्पित आहेत. त्यांच्या चुका मात्र खऱ्या वर्गांत रोज भेटणाऱ्या आहेत.

दशांश अपूर्णांक सुरू करण्याआधी बाई मुलांना एक चिठ्ठी देतात. चिठ्ठीवर संख्यांच्या चार जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीतली मोठी संख्या ओळखायची आहे : ३.५ आणि ३.२५, ४.७ आणि ४.६२, २.४ आणि २.१५, ६.५ आणि ६.०५. खाली एक ओळ आहे : ‘कसे ओळखले ते लिहा.’ या एका ओळीमुळे चिठ्ठी पोर्टफोलिओत ठेवण्याजोगी झाली. नुसत्या उत्तरांतून गुण कळतात, विचार कळत नाही.

पोर्टफोलिओसाठी बाई तीन मुलांच्या चिठ्ठ्या निवडतात. विद्यार्थी अ याने पहिल्या तिन्ही जोड्यांत ३.२५, ४.६२ आणि २.१५ या संख्या मोठ्या ठरवल्या. चौथ्या जोडीपुढे त्याने लिहिले, ‘दोन्ही सारख्या.’ विद्यार्थिनी ब हिची चारही उत्तरे बरोबर आली. विद्यार्थी क याचे फक्त पहिले उत्तर बरोबर आले, आणि त्यापुढे त्याने लिहिले होते, ‘साडेतीन सव्वातीनपेक्षा जास्त.’

अ च्या चौथ्या उत्तराकडे लक्ष दिले पाहिजे. टिंबानंतरचा भाग हा मुलगा स्वतंत्र पूर्ण संख्या म्हणून वाचतो. पाचापेक्षा पंचवीस मोठे, म्हणून ३.२५ मोठी. ६.०५ मधले ०५ म्हणजे पाचच, म्हणून ६.५ आणि ६.०५ सारख्या. त्याचे प्रत्येक उत्तर चुकीचे असले तरी सगळी एकाच नियमातून आली आहेत. हा नियम तो व्यवहारातूनच शिकतो. पैशांत टिंबानंतर नेहमी दोन आकडे असतात, इलेक्ट्रॉनिक काट्यावर सहसा तीन. ३.५० रुपये आणि ३.२५ रुपये यांची तुलना करताना टिंबानंतरचे आकडे पूर्ण संख्येसारखे वाचले तरी उत्तर बरोबर येते. आकडे कमी-जास्त असलेल्या संख्या मुलाला पहिल्यांदा पाठ्यपुस्तकात भेटतात आणि तिथे त्याचा नियम मोडतो.

टीप कशी लिहायची

आता अ ची चिठ्ठी पोर्टफोलिओच्या एका पानावर चिकटवली आहे. तिच्या कडेला काय लिहायचे? नेहमीची टीप अशी असते : ‘विद्यार्थ्याला दशांश अपूर्णांकाची संकल्पना स्पष्ट नाही. अधिक सरावाची गरज.’ ही टीप कुठल्याही मुलाच्या कुठल्याही चिठ्ठीला चालेल, म्हणून ती निरुपयोगी आहे.

उपयोगी टीप नमुन्यातल्या एका खुणेला बांधलेली असते. चिठ्ठीवर चौथ्या उत्तराभोवती गोल करून बाजूला ① असा क्रमांक द्यायचा आणि त्या क्रमांकाने लिहायचे :

‘① इथे अ ने ६.५ आणि ६.०५ सारख्या मानल्या. टिंबानंतरचे ०५ तो ‘पाच’ असे वाचतो. पहिल्या तीन उत्तरांतही टिंबानंतरची मोठी दिसणारी संख्या निवडली आहे. चूक एकच आहे, चार नाहीत.’

क च्या चिठ्ठीवर खूण त्याच्या वाक्याला जाते : ‘② क ने ३.५ हे साडेतीन आणि ३.२५ हे सव्वातीन असे वाचले, म्हणून उत्तर बरोबर आले. ४.६२ आणि २.१५ ला असे घरचे नाव नाही, तिथे तो अ सारखाच चुकतो. सव्वा आणि साडेची समज शिकवताना वापरता येईल.’

प्रत्येक पानाच्या डोक्यावर चार गोष्टी असाव्यात : तारीख, इयत्ता, हे काम कोणत्या पाठाच्या आधी की नंतर केले, आणि मुलाने ते एकट्याने केले की मदतीने. शेवटची गोष्ट बहुधा राहून जाते आणि त्यानेच पुराव्याची किंमत ठरते. फळ्यावर पाहून लिहिलेले बरोबर उत्तर आणि मुलाने स्वतः काढलेले बरोबर उत्तर कागदावर सारखेच दिसतात. टीप त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लिहावी. दोन महिन्यांनी लिहायला बसल्यावर मूल काय म्हणाले ते आठवत नाही आणि लेखन ‘मुलांनी उत्साहाने सहभाग घेतला’ अशा वाक्यांकडे घसरते.

शिकवण्यातला बदल दिसला पाहिजे

बाईंच्या मूळ टाचणात पहिल्या तासाला नियम होता : टिंबानंतरचे आकडे सारखे करण्यासाठी शून्य लिहा, मग तुलना करा. ३.५ चे ३.५० केले की ३.२५ शी तुलना सोपी होते. चिठ्ठ्या पाहिल्यावर त्यांनी हा तास पुढे ढकलला, कारण शून्य जोडल्याने अ ची उत्तरे बरोबर आली असती, पण टिंबानंतर पूर्ण संख्या असते हा त्याचा समज तसाच राहिला असता.

त्याऐवजी त्यांनी शंभर घरांचा चौरस घेतला. दहा उभ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीत दहा घरे. पूर्ण चौरस म्हणजे एक. एक पट्टी म्हणजे एक दशांश, एक घर म्हणजे एक शतांश. ३.५ साठी तीन पूर्ण चौरस आणि पाच पट्ट्या रंगवायच्या, ३.२५ साठी तीन पूर्ण चौरस, दोन पट्ट्या आणि पाच घरे. मग क ला पुढे बोलावून विचारले, साडेतीन कोणते आणि सव्वातीन कोणते? अर्धा चौरस रंगलेला म्हणजे साडे, पाव चौरस रंगलेला म्हणजे सव्वा, हे त्याने बोटाने दाखवले. ६.०५ रंगवताना अ ला दिसले की शून्य म्हणजे एकही पट्टी नाही, फक्त पाच घरे.

पोर्टफोलिओत टाचणाचे हे पान स्वच्छ करून पुन्हा लिहू नये. मूळ तास खोडलेला, बाजूला वेगळ्या शाईत नवा तास आणि तारीख, असेच ते ठेवावे. निर्णय बदलल्याची याहून थेट खूण दुसरी नाही. त्यावरची टीप एका ओळीची पुरते : ‘③ चिठ्ठ्यांतील खूण ① आणि ② मुळे बदल.’ पान पानाला असे जोडले की वाचणारा स्वतः माग काढू शकतो.

वर्गात काय घडले याचा एक नमुना हवा. राष्ट्रीय मंडळ चित्रीकरण मागते. दोनशिक्षकी शाळेत कॅमेरा धरायला कुणी नसते. अशा वेळी बाकावर मोबाइल ठेवून दहा मिनिटांचा आवाज मुद्रित करावा आणि त्यातला दहा-बारा ओळींचा संवाद जसाच्या तसा उतरवून घ्यावा, मुलांचे अडखळणे आणि त्यांची बोली न सुधारता. केंद्रप्रमुख किंवा शेजारच्या वर्गाचे गुरुजी तासाला बसले असतील, तर त्यांची तारीख घातलेली निरीक्षणनोंद जोडावी. शिक्षकाच्या हातची नसलेली एवढी एक गोष्ट संचात असली की बाकीच्या पानांनाही वजन येते.

नंतरची चिठ्ठी आणि एक धक्का

चार तासांनंतर बाईंनी दुसरी चिठ्ठी दिली. यावेळी त्यांनी जोड्या बदलल्या : १.७५ आणि १.४, ५.८ आणि ५.३६, ०.३ आणि ०.३०. अ ची तिन्ही उत्तरे बरोबर आली आणि त्याने कारणात लिहिले, ‘पट्ट्या आधी पाहायच्या.’ क चीही बरोबर आली. पण आधी चारपैकी चार मिळवणाऱ्या ब ने १.७५ पेक्षा १.४ मोठी आणि ०.३० पेक्षा ०.३ मोठी ठरवली. कारण विचारल्यावर ती म्हणाली, ‘आकडे जास्त म्हणजे तुकडे बारीक, म्हणून ती लहान.’

आता पहिली चिठ्ठी पुन्हा पाहा. तिच्यातल्या चारही जोड्यांत कमी आकड्यांची संख्याच मोठी होती. ब चा चुकीचा नियम प्रत्येक वेळी बरोबर उत्तर देत होता. दोष चाचणीचा होता. मेलबर्न विद्यापीठातल्या के स्टेसी आणि विकी स्टाइनले यांनी मुलांच्या दशांशांतल्या चुकांचा दीर्घ अभ्यास केला, त्यात हे दोन्ही गैरसमज स्पष्ट मांडलेले आहेत : एकात जास्त आकड्यांची संख्या मोठी, दुसऱ्यात कमी आकड्यांची. म्हणून तुलनेच्या चाचणीत दोन्ही प्रकारच्या जोड्या मिसळाव्या लागतात.

गुण दाखवण्यासाठी केलेल्या फाइलमध्ये ब ची ही दुसरी चिठ्ठी कुणी ठेवणार नाही. प्रमाणनासाठीच्या पोर्टफोलिओत ती सर्वांत मोलाची आहे. म्हणूनच तीन मुले निवडताना फक्त हुशार मुले घेऊ नयेत आणि सगळी मागे पडलेली घेऊनही चालत नाही. वेगवेगळ्या विचारपद्धतींची मुले घ्यावीत आणि त्यांच्या आधीच्या व नंतरच्या दोन्ही कामांचे नमुने ठेवावेत.

यात आपल्या भागाची एक अडचण आहे. दिवाळीनंतर काही कुटुंबे ऊसतोडीला जातात, कापूस वेचणीच्या दिवसांत मुले शेतात असतात. आधीची चिठ्ठी असलेले मूल नंतर वर्गात नसते. म्हणून सुरुवातीला तीनऐवजी पाच-सहा मुलांचे नमुने जपावेत. तरीही एखादे मूल गेले, तर त्याच्या जागी दुसऱ्याचे नंतरचे काम लावू नये. ‘नंतरचा नमुना नाही, कुटुंब स्थलांतरित’ एवढे लिहावे.

चिंतन : किती आणि काय

चिंतन लांबले की पातळ होते. दीडशे ते अडीचशे शब्द पुरेसे आहेत. त्यात चार प्रश्नांची उत्तरे यावीत : मला काय अपेक्षित होते, प्रत्यक्ष काय दिसले, ते तसे का असावे, आणि म्हणून मी पुढे काय करणार. आपल्या उदाहरणातले चिंतन असे होईल :

‘पहिल्या चिठ्ठीनंतर मी ब ला संकल्पना समजली आहे असे धरले आणि चौरसाच्या कामात तिला इतरांना मदत करायला सांगितले. त्यामुळे चारही तासांत तिने स्वतः एकही संख्या रंगवली नाही. दुसऱ्या चिठ्ठीत तिने १.४ ही १.७५ पेक्षा मोठी मानली (नमुना ६, खूण ⑤). शतांश दशांशापेक्षा लहान असतो हे तिला माहीत आहे आणि ते बरोबर आहे. पण ते तुकडे किती आहेत हे ती मोजत नाही. माझ्या पहिल्या चिठ्ठीत कमी आकड्यांचीच संख्या प्रत्येक वेळी मोठी होती, म्हणून ही चूक लपली. अ च्या बाबतीत चौरसाचा उपयोग झाला असे दिसते. मात्र दुसरी चिठ्ठी लगेच दिल्याने ते टिकले का हे अजून ठरत नाही. पुढच्या आठवड्यात ब आणि तिच्यासारखी उत्तरे देणाऱ्या मुलांना १.७५ आणि १.४ रंगवायला देईन. तीन आठवड्यांनी मिश्र जोड्यांची तिसरी चिठ्ठी देईन.’

या लेखनातला प्रत्येक दावा कुठल्यातरी नमुन्याकडे बोट दाखवतो. जो दावा नमुन्यात दिसत नाही, तो परीक्षक मोजत नाही. ‘मुलांचा आत्मविश्वास वाढला’ असे लिहिले आणि संचात त्याची एकही खूण नसेल, तर ते वाक्य काढून टाकावे. शिक्षकाने निष्कर्षाला घातलेली मर्यादाही मोलाची असते. चार तासांत सगळ्या मुलांना सगळे समजले असे सांगणारे चिंतन संशय निर्माण करते. तिसरी चिठ्ठी तीन आठवड्यांनी येते, म्हणजे असा एक धागा पूर्ण व्हायला महिना-सव्वा महिना लागतो. आठ दिवसांत जमवलेल्या पोर्टफोलिओत त्यामुळेच ‘नंतर’ नसते.

मांडणी आणि मुलांची ओळख

एका धाग्याचा क्रम असा लावावा : वर्गाची ओळख अर्धे पान, पहिल्या चिठ्ठ्या, बदललेले टाचण, वर्गातला संवाद किंवा निरीक्षणनोंद, दुसऱ्या व तिसऱ्या चिठ्ठ्या, चिंतन. नमुन्यांना सलग क्रमांक, टिपांना वेगळे क्रमांक. ज्या मानकासाठी पुरावा द्यायचा आहे, त्याचे नाव चिंतनाच्या डोक्यावर लिहावे. एका धाग्याने दोन मानके सिद्ध होत असतील तर तसे सांगावे, पण तीच चिठ्ठी सगळीकडे लावू नये. प्रमाणपत्रे लागतच असतील, तर ती शेवटी परिशिष्टात.

मुलांची नावे, आधार क्रमांक, हजेरी क्रमांक, जात यांपैकी काहीही संचात दिसता कामा नये. चिठ्ठीवरचे नाव झेरॉक्स काढण्याआधी कागदाने झाकावे. पेनाने खोडलेले नाव उजेडात वाचता येते. ओळखू येणारा चेहरा किंवा आवाज वापरायचा असेल तर पालकांची लेखी संमती घ्यावी आणि ती त्यांना समजेल अशा भाषेत, कशासाठी आणि कोण पाहणार हे सांगून घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरवली आहे. मुलाचा चुकलेला कागद गावात फिरणे हा त्याच्यावर अन्याय आहे. असे कागद व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकू नयेत.

संच पूर्ण झाल्यावर एक तपासणी करावी. तो दुसऱ्या शाळेतल्या सहकाऱ्याला द्यावा आणि चिंतनाचे पान काढून ठेवावे. फक्त नमुने आणि टिपा वाचून त्याने सांगावे की कोणते मूल कुठे अडले होते, शिक्षकाने काय बदलले आणि कुणाला उपयोग झाला. त्याला हे सांगता आले, तर पोर्टफोलिओ तयार आहे. सांगता आले नाही, तर चिंतन कितीही चांगले लिहिलेले असले तरी पुरावा अपुरा आहे. अशा वेळी भाषा घासूनपुसून घेण्यात वेळ घालवू नका. वर्गात परत जा, मुलांना आणखी एक चिठ्ठी द्या आणि तिच्याखाली ‘कसे ओळखले ते लिहा’ ही ओळ विसरू नका.